कापलेला कर नक्की कोणाच्या नावावर जमा झालाय?

गावाकडच्या बँकेत तुमची ठेव आहे. दर तीन महिन्यांनी व्याज जमा होतं आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खात्यातून एक रक्कम जाते. पासबुकात पुढे इंग्रजीत तीन अक्षरं असतात, TDS. म्हणजे पैसे देणाऱ्याने पैसे देतानाच कापून घेतलेला कर. आपल्यातले बहुतेक जण ती ओळ बघतात, "सरकारचं असेल काहीतरी" म्हणतात आणि पुढे सरकतात. आमचं म्हणणं एवढंच आहे की ती रक्कम अजून सरकारची झालेली नाही. ती तुमच्या नावावर ठेवलेली आगाऊ रक्कम आहे. वर्षाच्या शेवटी तुमचा कर शून्य निघाला, तर ती सगळी परत मिळते. पण त्यासाठी दोन गोष्टी व्हाव्या लागतात. बँकेने तिची नोंद तुमच्या पॅनवर बरोबर केलेली असली पाहिजे, आणि तुम्ही रिटर्न भरून ती मागितली पाहिजे. यातली एकही राहिली तर पैसे तिथेच पडून राहतात.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे तारीख. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षाचं रिटर्न भरायची साधी मुदत सप्टेंबर २०२५ मध्ये संपली. पण उशिरा भरायचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येतं आणि त्यातही परतावा मागता येतो. म्हणजे ज्यांनी अजून भरलेलं नाही त्यांची वेळ गेलेली नाही, पण थोडीच उरली आहे.

आपल्याकडून एवढा कर का कापतात?

आधी हे समजून घ्या, म्हणजे पुढचा हिशेब पटेल. तुम्ही कामासाठी भारताबाहेर आलात, वर्षातले १८२ दिवस भारतात राहिला नाहीत, तर आयकराच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी. मग तुम्ही टॉवरमध्ये ऑफिसात बसत असा की लेबर कॅम्पात आठ जणांच्या खोलीत राहत असा. बाहेर गेल्याचं बँकेला कळवलं की तुमचं साधं बचत खातं एनआरओ खातं होतं आणि त्या खात्यातल्या ठेवीही एनआरओ होतात. कळवणं तुमच्यावर बंधनकारकच आहे.

आता फरक बघा. गावात राहणाऱ्या तुमच्या भावाची त्याच शाखेत तेवढीच ठेव असेल, तर २०२४-२५ मध्ये वर्षाचं व्याज ४०,००० रुपयांच्या वर गेल्याशिवाय बँक त्याचा कर कापत नव्हती. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० आहे. कापला तरी १० टक्के. शिवाय आपलं उत्पन्न करपात्र नाही असं लिहून देणारा फॉर्म त्याला भरता येतो, मग काहीच कापत नाहीत. तुम्हाला यातलं काही नाही. अनिवासी माणसाच्या एनआरओ व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के कापले जातात. तो कर न कापण्याचा फॉर्म अनिवासींना चालत नाही. एखाद्या शाखेत भरून घेतला तरी तो चुकीचा ठरतो.

हा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर परदेशात बसलेला मोठा पगारदार होता, शटरिंगचा सुतार नव्हता, असं आम्हाला वाटतं. छोट्या ठेवीदार अनिवासी मजुराला भावासारखंच घोषणापत्र देता यावं, ही आमची मागणी आहे. पण ती मान्य होईपर्यंत कापलेलं परत मागणं हाच मार्ग आहे आणि तो कायद्याने दिलेला आहे.

इथे एक गोष्ट लगेच सांगून ठेवतो. तुम्ही इथून जो पगार पाठवता तो एनआरई खात्यात ठेवला, तर तिथल्या व्याजावर भारतात कर नाही, म्हणून कापणंही नाही. एनआरओ हे भारतातल्या मिळकतीसाठी आणि जाण्याआधीच्या पैशांसाठी असतं. पुष्कळ जण पगारही एनआरओ खात्यातच पाठवत राहतात आणि मग त्याच्या व्याजावर ३१.२ टक्के सोडतात.

बँक नोंद कशी करते

कापलेला पैसा बँकेच्या गल्ल्यात राहत नाही. त्याचा प्रवास ठरलेला आहे. बँकेने एका महिन्यात कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत चलनाने सरकारकडे भरायचा असतो. फक्त मार्चमध्ये कापलेल्या कराला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. या चलनात तुमचं नाव नसतं. हजारो खातेदारांचा कर एकाच चलनात जातो.

तुमचं नाव येतं ते तिमाही विवरणपत्रात. अनिवासींना दिलेल्या पैशांसाठी बँक २७-क्यू नावाचं विवरणपत्र भरते. त्यात एकेका खातेदाराची ओळ असते: पॅन, किती व्याज दिलं, कोणत्या तारखेला, किती कर कापला, तो कोणत्या चलनातून भरला. एप्रिल ते जून या तिमाहीचं विवरणपत्र ३१ जुलैपर्यंत, पुढच्याचं ३१ ऑक्टोबर, त्यापुढच्याचं ३१ जानेवारी आणि शेवटच्या तिमाहीचं ३१ मेपर्यंत भरायचं असतं.

सगळा खेळ या एका ओळीतल्या दहा अक्षरी पॅनवर आहे. साईटवर टाइमशीटमध्ये तुमचा नंबर एका आकड्याने चुकला, तर ओव्हरटाइम तुम्ही केलेला असतो, कंपनीने दिलेलाही असतो, पण जातो दुसऱ्याच्या पगारात. तसंच इथे. विवरणपत्रात पॅन चुकला तर कर कापला गेला, सरकारकडे भरलाही गेला, पण तुमच्या नावावर आला नाही.

विवरणपत्राची मुदत संपल्यावर पंधरा दिवसांत बँकेने तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याचं नाव 16A. ते आयकर खात्याच्या ट्रेसेस या यंत्रणेतून काढलेलं असतं. त्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक असतो, बँकेचा टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक असतो आणि तुमचा पॅन असतो. बँकेच्या लेटरहेडवर "एवढा कर कापला" असं लिहून दिलेला कागद म्हणजे 16A नव्हे. तो कागद भांडायला उपयोगी आहे, पण सरकारी नोंद झाल्याचा पुरावा नाही.

तुमच्या बाजूने बघायचं कुठे

सरकारी नोंद तुम्हाला इथून मोबाईलवर बघता येते. www.incometax.gov.in वर पॅन टाकून लॉगिन करा. e-File, मग Income Tax Returns, मग View Form 26AS. ते तुम्हाला ट्रेसेसच्या पानावर नेईल. तिथे वर्ष निवडताना घोटाळा होतो. तिथे Assessment Year विचारतात, म्हणजे मिळकतीच्या पुढचं वर्ष. २०२४-२५ मध्ये कापलेला कर बघायचा असेल तर 2025-26 निवडा. चुकीचं वर्ष निवडून "काहीच दिसत नाही" म्हणणारे पुष्कळ असतात.

26AS उघडलं की बँकेच्या नावासमोर तीन रक्कमा दिसतात: दिलेलं व्याज, कापलेला कर आणि सरकारकडे भरलेला कर. त्याखाली एकेका नोंदीची ओळ असते. तिथे दोन खाने नीट वाचा.

पहिला Section चा. तिथे 195 असेल तर बँक तुम्हाला अनिवासी धरते आहे. 194A असेल तर बँकेच्या नोंदीत तुम्ही अजून निवासी आहात, म्हणजे खातं बदललेलंच नाही. तो प्रश्न वेगळा, पण तोही सोडवावा लागतो.

दुसरा Status of Booking चा. तिथे F असेल तर बँकेने भरलेलं चलन आणि विवरणपत्र जुळलेलं आहे, काळजी नको. U असेल तर जुळलेलं नाही. कर भरलेला नाही किंवा चलनाचा तपशील चुकीचा दिलाय. U दिसेल तर आधी बँकेला लिहा.

एक हिशेब शेवटपर्यंत करून बघू

समजा, एक शटरिंगचा सुतार आहे. पुण्यातलं काम सोडून आखातात आला. जुन्या नोकरीचे फंडाचे आणि साठवलेले मिळून ६,००,००० रुपये त्याने गावाकडच्या बँकेत ठेवले होते. आल्यावर त्याने बँकेला कळवलं आणि ठेव एनआरओ झाली. व्याजदर ७ टक्के, व्याज दर तिमाहीला खात्यात जमा. भारतात त्याची दुसरी मिळकत नाही.

वर्षाचं व्याज ४२,००० रुपये. दर तिमाहीला १०,५००. त्यावर ३१.२ टक्क्यांनी ३,२७६ रुपये कापले, हातात आले ७,२२४. चार तिमाह्यांत कापलेला कर १३,१०४ रुपये आणि हातात आलेलं व्याज २८,८९६.

आता त्याचा खरा कर किती? २०२४-२५ साठी नव्या करप्रणालीत पहिल्या ३,००,००० रुपयांवर कर नाही आणि ही मूळ सूट अनिवासीलाही मिळते. इथे गल्लत करू नका. सात लाखांपर्यंत कर माफ अशी जी चर्चा होती, ती सवलत वेगळी आणि ती फक्त निवासींना आहे. पण आपल्या सुताराला तिची गरजच नाही. त्याचं भारतातलं उत्पन्न ४२,००० आहे. आखातात केलेल्या कामाचा पगार अनिवासीच्या भारतातल्या उत्पन्नात धरत नाहीत. म्हणजे कर शून्य आणि कापलेले सगळे १३,१०४ त्याचे.

त्याने 26AS उघडलं. तिथे कापलेला कर दिसतो ९,८२८. म्हणजे तीनच तिमाह्या. जुलै ते सप्टेंबरचे ३,२७६ गायब.

पासबुकात चारही वेळा रक्कम कापलेली दिसते. मग कुठे गेली? अशा वेळी बऱ्याचदा कारण असं असतं की, निवासी खातं एनआरओ होताना बँकेत नवा ग्राहक क्रमांक तयार होतो, पॅन जुन्या क्रमांकालाच जोडलेला राहतो आणि ठेव नव्यावर जाते. मग विवरणपत्रात त्याच्या ओळीत पॅनच्या जागी PANNOTAVBL जातं, म्हणजे पॅन उपलब्ध नाही. किंवा अर्ज हाताने चढवताना एखादं अक्षर चुकतं.

निवासी माणसाचा पॅन नसेल तर त्याचा कर १० ऐवजी २० टक्के कापला जातो. कापणं दुप्पट झालं की त्याला लगेच कळतं. अनिवासीचं तसं होत नाही. पॅन नसेल तर नेहमीचा दर किंवा २० टक्के यातला जो जास्त तो लागतो आणि आपला नेहमीचा दर आधीच ३० आहे. त्यामुळे पॅन असो की नसो, तेच ३,२७६ कापले जातात. पासबुक बघून तुम्हाला चूक कधीच कळणार नाही. ती फक्त 26AS मध्ये कळते. म्हणून पासबुक आणि 26AS शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवणं हे आपल्यासाठी भावापेक्षा जास्त गरजेचं आहे.

मग सुताराने काय करायचं? शाखेला ईमेल करायचा, फोन नाही. ईमेलमध्ये चारच गोष्टी: ठेवीचा क्रमांक, व्याज जमा झाल्याची तारीख, कापलेली रक्कम आणि आपला पॅन. सोबत पासबुकाच्या त्या पानाचा आणि 26AS चा फोटो. मागणी एका वाक्यात: "जुलै ते सप्टेंबर २०२४ या तिमाहीचं ट्रेसेसमधून काढलेलं 16A द्या. माझ्या पॅनवर नोंद नसेल तर २७-क्यू चं दुरुस्ती विवरणपत्र भरा." हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. शाखेतला माणस "आम्ही कर भरलाय, आता तुमचं तुम्ही आयकरवाल्यांशी बघा" असं म्हणू शकतो. पण विवरणपत्रातली चूक फक्त ते भरणाराच दुरुस्त करू शकतो. आयकर खातं तुमच्या सांगण्यावरून बँकेची ओळ बदलत नाही.

बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. म्हणूनच ईमेल हवा, फोनची तारीख कोणी मानत नाही.

परतावा मागताना

रिटर्नचा फॉर्म ITR-2. सोपा म्हणून बरेच जण ITR-1 भरतात, पण तो फक्त निवासींसाठी आहे. तो भरणं म्हणजे मी भारतात राहतो असं लिहून देणं. शंभर-दोनशे दिरहम घेऊन कॅम्पात रिटर्न भरून देणारे एजंट सर्रास हेच करतात.

ITR-2 मध्ये आधी Non-resident निवडायचं. मग इतर उत्पन्नाच्या भागात ठेवीचं व्याज टाकायचं. इथे पूर्ण ४२,००० टाकायचे, हातात आलेले २८,८९६ नाहीत. कापलेला कर हा तुम्हाला मिळालेल्या व्याजाचाच भाग आहे, तो आधी उत्पन्नात धरला तरच पुढे त्याचं श्रेय मागता येतं. काही जण व्याज दाखवतच नाहीत आणि कापलेला कर मात्र मागतात. तिथे परतावा अडकतो. नियम सरळ आहे, ज्या वर्षी उत्पन्न दाखवलं त्याच वर्षी त्यावरच्या कराचं श्रेय.

त्यानंतर TDS चा तक्ता. व्याजावरच्या कराच्या भागात बँकेचा टॅन, व्याजाची रक्कम आणि कापलेला कर असतो. 26AS मध्ये आहे ते बहुतेक आपोआप भरून येतं. ते तसंच आहे का ते तपासा. कर शून्य, भरलेला कर एवढा, म्हणून परतावा एवढा, असं फॉर्मच काढून देतो. परताव्याची रक्कम दहाच्या पटीत धरतात. सुताराच्या चारही नोंदी आल्या असत्या तर १३,१०४ चे १३,१०० मिळाले असते.

पण त्याची एक तिमाही अजून दुरुस्त व्हायची आहे आणि ३१ डिसेंबर जवळ आलाय. थांबायचं का? थांबू नका. व्याज पूर्ण ४२,००० दाखवा. पासबुकाचा पुरावा हातात असल्यामुळे चौथी नोंदही रिटर्नमध्ये मागा. प्रक्रिया होताना आयकर खातं बहुधा 26AS मध्ये दिसतात तेवढेच ९,८२८ धरेल आणि तसं कळवणारी सूचना पाठवेल. मग बँकेची दुरुस्ती झाली आणि 26AS मध्ये ३,२७६ दिसू लागले की पोर्टलवर Services, Rectification मध्ये जाऊन Tax credit mismatch correction निवडायचं. उरलेली रक्कम त्यातून मिळते. रिटर्नच भरलं नाही, तर दुरुस्त करायला काही उरत नाही.

समजा, कर कापला पण भरलाच नाही, आणि आयकर खात्याने तोच कर पुन्हा तुमच्याकडे मागितला. तर आयकर कायद्याचं कलम २०५ लक्षात ठेवा. जेवढा कर तुमच्या पैशातून कापला गेलाय तेवढा पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. कापल्याचा पुरावा मात्र तुम्ही दाखवायचा, म्हणून पासबुक जपून ठेवा. हे कलम वसुली थांबवतं. न भरलेल्या कराचा परतावा ते आपोआप मिळवून देत नाही.

शेवटी अडतं कुठे

रिटर्न भरलं म्हणजे झालं असं नाही. भरल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, नाहीतर ते वेळेत भरलेलं धरत नाहीत. पडताळणी आधारच्या ओटीपीने होते, आणि ओटीपी जातो आधारला जोडलेल्या भारतीय मोबाईलवर. तो नंबर रिचार्जअभावी बंद पडलेला असतो. नेट बँकिंग चालू असेल तर त्यातून पडताळणी होते. काहीच जमलं नाही तर ITR-V ची प्रत छापून, सही करून, बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला पोस्टाने पाठवायची. तीही ३० दिवसांत पोचायला हवी. इथून पोस्टाला लागणारे दिवस धरून चला. घरच्यांकडे एक कमी खर्चाचा रिचार्ज चालू ठेवणं सगळ्यात सोपं.

परतावा पोर्टलवर आधी पडताळलेल्या बँक खात्यातच येतो. खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळलं पाहिजे. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, पॅनवर आडनाव आधी, असे प्रकार आपल्याकडे खूप. आधी तेवढं जुळवून घ्या.

आणि पॅन चालू आहे ना, ते बघा. जून २०२३ नंतर आधारशी न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले. अनिवासींना जोडणीतून सूट आहे, पण तुम्ही अनिवासी आहात हे आयकर खात्याच्या नोंदीत असेल तरच. नाहीतर तुमचाही पॅन निष्क्रिय होतो. निष्क्रिय पॅनवर परतावा देत नाहीत आणि त्या काळाचं व्याजही देत नाहीत. पोर्टलवर लॉगिन न करताही Verify PAN Status ने हे दिसतं. आधार असेल तर जोडून घ्या. नसेल तर पासपोर्टच्या प्रती जोडून आपण अनिवासी असल्याचं तुमच्या पॅनच्या विभागातल्या आयकर अधिकाऱ्याला लेखी कळवा.

मागची वर्षं बुडाली का?

ज्यांनी दोन-तीन वर्षं रिटर्न भरलंच नाही ते विचारतात, जुनं मिळेल का. ३१ डिसेंबर उलटलेल्या वर्षाचं रिटर्न साध्या रीतीने भरता येत नाही. अद्ययावत रिटर्न म्हणून जी सोय ऐकता, ती जास्तीचा कर भरण्यासाठी आहे, परतावा मागण्यासाठी नाही. पण उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार संबंधित निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत असा अर्ज चालतो. उशिराचं खरं कारण लिहावं लागतं आणि मंजुरी अधिकाऱ्याच्या हातात असते. "माहीत नव्हतं" यापेक्षा कामाचा करार, व्हिसाच्या प्रती, सुट्टी न मिळाल्याचा पुरावा जोडला तर अर्जात जीव येतो. हा मार्ग लांबचा आहे, पण वर्षाला तेरा हजार याप्रमाणे तीन वर्षांचे जवळजवळ चाळीस हजार होतात हेही बघा.

एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतील. म्हणून थांबू नका. आधीच्या वर्षांत कापलेला कर आधीच्या कायद्यानेच परत मागायचा आहे.

बँकांकडे आमचं मागणं साधं आहे. खातं एनआरओ करताना पॅन नव्या ग्राहक क्रमांकाला जोडल्याशिवाय ठेव हलवू नका, आणि 16A गावाच्या पत्त्यावर न पाठवता खातेदाराच्या ईमेलवर पाठवा. आईला आलेलं इंग्रजी पाकीट कपाटात जातं आणि तिथेच राहतं.

तुमच्याकडून मागणं त्याहून छोटं आहे. येत्या शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी पासबुकाचे फोटो घरून मागवा, 26AS उघडा, Assessment Year मध्ये 2025-26 निवडा आणि एप्रिल ते मार्चच्या चारही तिमाह्या जुळवा. जुळल्या तर रिटर्न भरा. नाही जुळल्या तर त्याच दिवशी बँकेला ईमेल करा, आणि रिटर्न तरीही ३१ डिसेंबरच्या आत भरा.